जेवणाची सुट्टी, हातातली तिकिटं आणि एसएलएचं घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतून चालणाऱ्या आमच्या हेल्पडेस्कवर आणि मिरज, कुपवाड, तासगावहून घरी बसून काम करणाऱ्या आमच्या मंडळींकडून हे प्रश्न सारखे येत असतात. आम्ही मुख्यतः दवाखान्यांच्या बिलिंगची आणि औषध दुकानांच्या सॉफ्टवेअरची तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेल्या तक्रारी, बघतो, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत. ज्यांच्याकडे क्यूमधून काम उचलायचं आणि ठरल्या वेळेत संपवायचं असा कारभार आहे, त्यांना बाकीचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल. हवा तो प्रश्न थेट वाचा. दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. जेवायला जाताना नेमकं काय थांबवायचं असतं? मला तर एकच घड्याळ दिसतं.

स्क्रीनवर एकच दिसलं तरी आत तीन वेगवेगळ्या गोष्टी चालू असतात. सगळा गोंधळ त्या एक समजल्यामुळे होतो.

पहिली तुमची उपलब्धता. नवीन तिकीट, चॅट किंवा कॉल तुमच्याकडे पाठवायचा की नाही, हे सिस्टिम तुमच्या स्टेटसवरून ठरवते. दुसरी तुम्ही उचललेल्या कामाची मुदत. काम क्लेम केलं की ते ठरावीक वेळ तुमच्या नावावर राहतं आणि तेवढ्यात पूर्ण झालं नाही तर परत क्यूमध्ये जातं. तिसरी ग्राहकाची वेळ, म्हणजे एसएलए: उत्तर आणि निराकरण किती वेळात देऊ, हे करारात कबूल केलेलं असतं ती. तिकीट आलं त्या क्षणापासून ती चालू होते, मग ते कोणाच्याही नावावर असो.

पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे, ती बिनधास्त थांबवा. दुसरी बहुतेक ठिकाणी थांबत नाही, म्हणून जाण्याआधी ते काम संपवायचं किंवा सोडायचं. तिसऱ्या घड्याळाला जेवणासाठी हात लावायचा नाही. ते घड्याळ ग्राहकाचं आहे आणि त्याला आपल्या डब्याशी देणंघेणं नाही. खालची सगळी उत्तरं या तीन वाक्यांवर उभी आहेत.

२. स्टेटस `Away` केलं की माझ्या तिकिटांचा एसएलए थांबतो ना?

नाही. `Away` केल्यावर फक्त नवीन काम यायचं थांबतं. नावावर असलेली तिकिटं नावावरच राहतात आणि त्यांचा वेळ चालूच राहतो. झेनडेस्कमध्ये `Online`, `Away`, `Transfers only`, `Offline` ही स्टेटस आहेत आणि जेनेसिस क्लाउडमध्ये तर `Meal` असं वेगळंच स्टेटस आहे. यातलं काहीही निवडलं तरी एसएलए थांबत नाही.

ज्यांना हे माहीत नसतं ते निवांत जेवतात, आल्यावर दोन तिकिटं लाल झालेली बघतात आणि सिस्टिम बिघडली असं समजतात. सिस्टिम बरोबर असते. जाण्याआधी काय करायचं ते प्रश्न ४ मध्ये बघा.

३. मग तिकीट `Pending` किंवा `On Hold` करून जेवायला गेलं तर घड्याळ थांबेल की!

काही घड्याळं थांबतील, हे खरं आहे. म्हणून तर हा मोह होतो. तरी हे करू नका. कारणं दोन आहेत.

एक म्हणजे ते खोटं आहे. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये नेहमीच्या मांडणीत निराकरणाचं घड्याळ `Waiting for customer` या स्थितीत थांबतं. ग्राहकाने माहिती द्यायची आहे आणि आपण हात बांधून बसलो आहोत, असा त्याचा अर्थ. सर्व्हिसनाउमध्ये `On Hold` केलं की कारण निवडावं लागतं: ग्राहकाची वाट, बदलाची वाट, मूळ समस्येच्या तपासाची वाट, पुरवठादाराची वाट. तुम्ही डबा उघडायला गेला असताना यातलं कुठलंही कारण निवडलं, तर मिरजेच्या दवाखान्यातल्या कॅशियरने आपल्याला काही कळवायचं राहिलंय अशी नोंद होते. ती बिचारी काउंटरवर रांग सांभाळत आपल्या उत्तराची वाट बघत असते. शिवाय स्थिती बदलली की तिला मेलही जातो: "तुमच्या उत्तराची प्रतीक्षा आहे." ती फोन करून विचारते, "मी काय उत्तर द्यायचं होतं?" त्यावर आपल्याकडे उत्तर नसतं.

दुसरं कारण असं की त्याने हवं ते घड्याळ थांबतंच असं नाही. झेनडेस्कमध्ये पहिल्या उत्तराचं घड्याळ तिकीट `Pending` केल्याने थांबत नाही. ग्राहकाला दिसेल असं उत्तर गेल्यावरच ते पूर्ण होतं. अंतर्गत टिपण लिहिलं तरी भागत नाही. याउलट ग्राहकाच्या प्रतीक्षेचं घड्याळ `Pending` मध्ये थांबतं, पण `On-hold` मध्ये चालू राहतं. म्हणजे खोटी स्थिती टाकूनही एक घड्याळ थांबेल, दुसरं चालेल आणि तिकिटाच्या इतिहासात दुपारी एक वाजता टाकलेली विनाकारण स्थिती कायमची राहील.

महिन्याच्या आढाव्यात हे ओळखायला अवघड नसतं. रोज जेवणाच्या वेळी थांबणारी आणि जेवण झाल्यावर ग्राहकाचं काहीच उत्तर आलेलं नसताना पुन्हा चालू होणारी तिकिटं एका फिल्टरमध्ये दिसतात. खरोखरच ग्राहकाकडून काही हवं असेल तर प्रश्न विचारा आणि मग स्थिती बदला. त्यात गैर काहीच नाही. त्यातही एक अडचण आहे, ती प्रश्न ५ मध्ये.

४. उठायच्या आधी दहा मिनिटांत नेमकं काय करायचं? एखादं उदाहरण घेऊन सांगा.

समजा सुट्टी १:०० ते १:३० आहे आणि आता १२:५० झालेत. पहिलं काम म्हणजे नवीन काहीही उचलायचं नाही. क्यूमध्ये सोपं तिकीट दिसलं तरी नाही. नंतर हातातलं प्रत्येक तिकीट उघडून एकच हिशेब करायचा:

```
लागणारा वेळ = सुट्टी सुरू व्हायला बाकी + सुट्टी + उरलेलं काम
```

हा आकडा तिकिटाच्या उरलेल्या वेळेपेक्षा दहा-पंधरा मिनिटांनी तरी कमी असेल तर तिकीट स्वतःकडे ठेवा. नाहीतर आत्ता काहीतरी करा किंवा दुसऱ्याकडे द्या.

आता हातात चार गोष्टी आहेत असं धरू.

पहिलं तिकीट मिरजेच्या एका दवाखान्याचं, "बिल प्रिंट होत नाही". १२:२० ला आलं, पहिल्या उत्तराची मुदत एक तास, म्हणजे १:२० ला संपणार. उत्तर अजून गेलेलं नाही. परत येईपर्यंत ते तुटणारच, त्यामुळे सगळ्यात आधी हेच. चार मिनिटांत खरं उत्तर लिहा: कोणत्या काउंटरवर अडतंय, दुसऱ्या काउंटरवरून प्रिंट निघते का, स्क्रीनवर काय संदेश येतो. तोवर बिलाची पीडीएफ काढून दुसऱ्या काउंटरवरून छापता येईल, हेही सांगा. पहिल्या उत्तराचं घड्याळ तिथे पूर्ण झालं. तिकीट आता खरोखर ग्राहकाच्या माहितीसाठी थांबलंय.

दुसरं तिकीट औषध दुकानाच्या साठ्याचा अहवाल चुकतोय, असं. १०:१० ला आलं, निराकरणाची मुदत चार तास, म्हणजे २:१० पर्यंत. उरलेलं काम २५ मिनिटांचं. हिशेब: सुट्टीला १० बाकी, सुट्टी ३०, काम २५, एकूण ६५. हातात ८० मिनिटं आहेत, म्हणजे १५ सुटतात. हे स्वतःकडे ठेवा. मात्र एका ओळीचं अंतर्गत टिपण टाका: "तारखेचा फिल्टर चुकतोय असं दिसतं, १:३० ला पुढे करतो." कुणाला मध्येच फोन आला तर त्याला तुमची वाट बघत बसावं लागणार नाही.

तिसरं तिकीट ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेलं आहे आणि थांबलं तेव्हा त्यात फक्त १८ मिनिटं उरली होती. दिसायला हे सगळ्यात निरुपद्रवी, प्रत्यक्षात सगळ्यात धोक्याचं. ग्राहकाने १:०५ ला उत्तर दिलं तर १:२३ ला ते तुटेल आणि तुम्ही तेव्हा जेवत असाल. हे दीड वाजेपर्यंत दुसऱ्याला सांभाळायला द्या. नुसतं "बघ जरा" म्हणू नका. तिकीट त्याच्या नावावर करा आणि "ग्राहकाने व्हर्जन नंबर पाठवला की पॅच टाकायचा, पॅच अमुक फोल्डरमध्ये आहे" इतकं लिहा.

चौथं तपासणीच्या क्यूमधून १२:३५ ला क्लेम केलेलं काम, मुदत ४५ मिनिटं, म्हणजे १:२० ला सुटणार. अजून वीस मिनिटांचं काम आहे. सुट्टीआधी संपत नाही, सुट्टीनंतर ते आपल्याकडे राहत नाही. आत्ताच सोडून द्या (प्रश्न ७).

सगळं मिळून आठेक मिनिटं लागतात. स्टेटस बदला, बदललेलं डोळ्यांनी बघा आणि उठा.

हिशेब रोज कागदावर करायची गरज नाही. यादी "सगळ्यात आधी तुटणारं वर" अशी लावून ठेवली की फक्त वरची तीन-चार तिकिटं तपासावी लागतात.

५. ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेली तिकिटं तरी सुरक्षित असतात ना?

ग्राहक उत्तर देईपर्यंत. थांबलेलं घड्याळ पुन्हा सुरू होतं तेव्हा ते शून्यापासून मोजत नाही. जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालतं. चार तासांतले साडेतीन आधीच गेले असतील तर ग्राहकाच्या एका ओळीने फक्त अर्धा तास उरलेलं तिकीट तुमच्या पुढ्यात येतं. आणि ग्राहक उत्तर कधी देतो? त्याच्या काउंटरवरची गर्दी ओसरली की. आमच्याकडच्या दवाखान्यांत सकाळची ओपीडी संपते ती दुपारी, आपण जेवायला बसतो त्याच सुमारास.

म्हणून साधा नियम ठेवा: थांबलेल्या तिकिटात सुट्टीच्या लांबीपेक्षा कमी वेळ उरला असेल तर ते चालूच आहे असं धरून दुसऱ्याकडे द्या. जास्त उरला असेल तर खुशाल राहू द्या.

६. जाता जाता "तक्रार मिळाली, बघत आहोत" एवढं टाकलं तर पहिलं उत्तर गेलं असं धरतात का?

सिस्टिम धरते. ग्राहकाला दिसणारं तुमचं कोणतंही उत्तर पहिलं उत्तर ठरतं. करार वाचा मात्र. आमच्या काही करारांत पहिल्या उत्तरात समस्येबद्दल विचारणा किंवा पुढची पायरी असावी असं लिहिलेलं आहे. तसं असेल तर नुसती पोच देऊन आकडा हिरवा होतो, करार पाळला जात नाही.

करारात नसलं तरी माझं मत हेच: "बघत आहोत" लिहून आपण निघून गेलो तर ग्राहक खरंच कुणीतरी बघतंय असं समजून थांबतो. दोन मिनिटं जास्त घालून एक कामाचा प्रश्न विचारा. आपण जेवतोय तेवढ्यात तो उत्तर शोधून ठेवतो आणि परत आल्यावर काम निम्मं झालेलं असतं. तीस मिनिटांनी बघणार असाल तर तसंच लिहा: "१:३० वाजता पुढचं कळवतो." वेळ दिली की लोक थांबतात.

७. क्लेम केलेलं काम जेवून येईपर्यंत दुसऱ्याकडे गेलं. माझं अर्धं झालं होतं! हे का होतं?

क्लेम म्हणजे गिरणीत ठेवलेला दळणाचा डबा नव्हे, की घरी जाऊन आलं तरी नंबर राहतो. क्लेमला मुदत असते आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. कुणी काम उचलून लॅपटॉप बंद करून गेलं तर ते काम तिथे दिवसभर अडकू नये, म्हणून वेळ संपली की कुलूप आपोआप उघडतं. सिस्टिमला तुम्ही जेवताय की नोकरी सोडून गेलाय यातला फरक कळत नाही.

मेकॅनिकल टर्क या छोटी ऑनलाइन कामं देणाऱ्या अमेझॉनच्या साइटवर हे अगदी स्पष्ट दिसतं. काम स्वीकारलं की दिलेला वेळ तिथूनच सुरू होतो आणि तो थांबवायची सोय नाही. एका वेळी २५ पर्यंत कामं रांगेत धरता येतात, पण रांगेत नुसत्या पडलेल्या प्रत्येक कामाचंही घड्याळ चालू असतं. घरून असं काम करणारे अनेकजण जेवणाआधी "आल्यावर करू" म्हणून दहा-बारा कामं धरून ठेवतात आणि आल्यावर ती सुटलेली असतात. काम आपण होऊन परत करणं आणि वेळ संपून सुटणं या दोन्हींची नोंदही वेगवेगळी होते. म्हणून जमणार नसेल तर स्वतःहून परत करा.

आमच्यासारख्या अंतर्गत क्यूमध्ये तीन गोष्टी आधीच विचारून ठेवा: मुदत किती, मसुदा जतन होतो का, आणि काम सोडल्यावर तो मसुदा पुढच्याला दिसतो का. मसुदा दिसत असेल तर सोडायला काहीच हरकत नाही, मेहनत वाया जात नाही. दिसत नसेल तर केलेले मुद्दे टिपणात लिहून मगच सोडा. सुट्टीच्या आधीच्या अर्ध्या तासात मोठं काम क्लेमच न करणं हा खरा उपाय.

८. आमच्या टूलमध्ये टाइमरला `Pause` बटण आहे. ते दाबूनही काम सुटलं. मग बटणाचा उपयोग काय?

ते बटण दुसऱ्याच टाइमरचं आहे. तिकिटावर तुम्ही प्रत्यक्ष किती वेळ घालवला हे मोजणारा टाइमर वेगळा असतो. झेनडेस्कच्या टाइम ट्रॅकिंग अ‍ॅपमध्ये असंच बटण असतं. जेवायला जाताना ते जरूर दाबा, नाहीतर अहवालात २५ मिनिटांचं काम ५५ मिनिटांचं दिसेल. तासावर बिल होत असेल तर ग्राहकाला तुमच्या जेवणाचे पैसे लागतील. पण त्या बटणाने क्लेमची मुदत थांबत नाही आणि एसएलएही नाही.

कोणता टाइमर कशाचा हे ओळखायची खूण सोपी आहे. वाढत जाणारा आकडा तुमच्या कामाचा असतो, तो थांबवता येतो. कमी होत जाणारा आकडा मुदतीचा असतो, तो थांबवण्याआधी परवानगी आणि कारण लागतं.

९. सुट्टीची वेळ झाली आणि नेमका चॅट किंवा कॉल चालू आहे. स्टेटस बदललं तर तो कट होतो का?

बहुतेक सिस्टिममध्ये कट होत नाही. चालू संभाषण तुमच्याकडेच राहतं, फक्त नवीन येत नाही. अमेझॉन कनेक्टमध्ये कॉल चालू असतानाच पुढचं स्टेटस निवडून ठेवता येतं. हातातला कॉल संपला की तुम्ही आपोआप सुट्टीवर जाता, मध्ये दुसरा कॉल घुसत नाही. ही सोय असेल तर सुट्टीच्या पाच मिनिटं आधीच वापरा.

गडबड होते ती उलट केल्यावर: स्टेटस `Available` ठेवूनच उठायचं आणि "येणार नाही आता कॉल" असं समजायचं. कॉल वाजत राहतो, उचलला जात नाही, नोंद चुकलेल्या कॉलची होते आणि काही सिस्टिम तुम्हाला तिथेच अडकवून ठेवतात. जेनेसिसमध्ये स्टेटस `Not Responding` होतं, कनेक्टमध्येही हाताने पुन्हा उपलब्ध व्हावं लागतं. जेवून येऊन अर्धा तास "आज कॉलच नाहीत" म्हणून बसलेले लोक मी बघितलेत. ते या अवस्थेत असतात.

१०. एसएलएच्या कॅलेंडरमध्येच दुपारी १ ते १:३० सुट्टी टाकून दिली तर सगळा प्रश्नच मिटेल ना?

तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. झेनडेस्कच्या वेळापत्रकात आणि जिराच्या कॅलेंडरमध्ये एका दिवसाचे दोन तुकडे करता येतात: ९ ते १ आणि १:३० ते ६. मधल्या अर्ध्या तासात घड्याळ चालत नाही.

पण त्याचा अर्थ त्या वेळात सेवाच बंद आहे असा होतो. ग्राहकाशी तसं लेखी ठरलं असेल तरच हे करा. लहान टीम असेल आणि सगळे एकदम जेवत असतील तर ग्राहकाला सरळ सांगून असं ठरवणं पूर्ण प्रामाणिक आहे आणि मला ते आवडतं. ठरलेलं नसताना गुपचूप कॅलेंडर कापलं तर प्रश्न ३ मधलीच गोष्ट झाली, फक्त एका तिकिटाऐवजी सगळ्या तिकिटांवर. टीम मोठी असेल आणि सुट्ट्या पाळीपाळीने होत असतील तर याची गरजच पडत नाही.

११. आमचा ग्राहक लंडनचा आहे. आमच्या जेवणाच्या वेळी त्याचं घड्याळ चालू असतं का?

कॅलेंडर कोणत्या टाइमझोनमध्ये लावलंय ते बघा. लंडनच्या सकाळी ९ ला सेवा सुरू होत असेल तर ती आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी १:३० ला आणि हिवाळ्यात २:३० ला सुरू होते. म्हणजे १ ते १:३० जेवलात तर एकही घड्याळ चालू नसतं.

मात्र रात्रभर साठलेल्या तिकिटांची घड्याळं उन्हाळ्यात बरोबर १:३० ला एकदम सुरू होतात. त्या मिनिटाला हात धुवून जागेवर असायला हवं. एक तासाची मुदत असलेली सात-आठ तिकिटं असतील तर जेवण लांबवणं परवडत नाही. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. त्या सोमवारी सुट्टीचा तक्ता पुन्हा तपासा.

१२. शिफ्टला मी एकटीच असते. तिकीट देणार कुणाला?

लीडला. एकटी व्यक्ती असताना जेवणाची सोय लावणं ही लीडची जबाबदारी आहे, तुमची नाही, आणि हे मी लीड म्हणूनच लिहितोय. शिफ्टचा तक्ता लावताना त्या अर्ध्या तासासाठी कोण बघणार हे नाव लिहूनच ठेवायला हवं, मग ते मी असो किंवा दुसऱ्या टीममधलं कुणी. बघणाऱ्याने सगळं सोडवायचं नसतं. पहिली उत्तरं द्यायची, तातडीचं आलं तर फोन करायचा, इतकंच.

"मी डबा इथेच उघडते आणि स्क्रीनकडे बघत जेवते" असं म्हणणाऱ्या मुली आहेत. कृपा करून तसं करू नका. स्टेटस `Meal` आणि हात कीबोर्डवर असं झालं की सुट्टी झाल्याची नोंद होते, सुट्टी होत नाही आणि माणूस कमी पडतोय हे आकड्यांत कधीच दिसत नाही.

१३. तातडीचं, म्हणजे पी-वन तिकीट हातात असेल तर?

तेव्हा सुट्टी पुढे ढकला, रद्द करू नका. पूर्ण दवाखान्याचं बिलिंग बंद असेल तर कुणीच उठणार नाही, हे समजण्यासारखं आहे. पण तासभर झाला की लीडला सांगून तिकीट तोंडी आणि लेखी दोन्ही प्रकारे दुसऱ्याकडे द्या: काय केलं, काय करून झालं नाही, ग्राहकाकडून कोण बोलतंय, पुढचा निरोप किती वाजता द्यायचा कबूल केलाय. शेवटची बाब सगळ्यात जास्त विसरली जाते आणि सगळ्यात जास्त वाद तिच्यावरून होतात.

१४. रमजानमध्ये इफ्तारची वेळ रोज थोडी सरकते. ठरलेल्या स्लॉटमध्ये बसत नाही. काय करावं?

स्लॉट घड्याळाऐवजी सूर्यास्ताला बांधा. सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी सुरू आणि तिथून चाळीस मिनिटं, म्हणजे रोजा सोडणं आणि मगरिबची नमाज दोन्ही निवांत होतं. महिन्याचा तक्ता रमजान सुरू व्हायच्या आधीच काढून लावता येतो.

अडचण वेगळीच आहे: सुट्टी एकाच मिनिटाला अनेकांची असते, पाळी लावता येत नाही. मिरजेच्या आमच्या टीममध्ये निम्मे लोक एकदम उठतात. म्हणून त्या महिन्यात बाकीच्यांची संध्याकाळची चहाची सुट्टी त्या चाळीस मिनिटांच्या बाहेर ठेवतो आणि प्रश्न ४ मधला हिशेब प्रत्येकाने वेगळा न करता एकजण सगळ्यांच्या यादीवर करतो. दुपारची जेवणाची सुट्टी रोजा असणारे घेत नाहीत, तेव्हा ते इतरांची तिकिटं सांभाळतात. हा अदलाबदलीचा व्यवहार दोन्ही बाजूंनी छान चालतो.

१५. वीज गेली, वायफाय बंद झालं. तेवढ्यात जेवून घेतलं तर ती सुट्टी धरायची का?

लीडला फोन करून सांगितलं असेल तर धरा, हरकत नाही. न सांगता नको. कनेक्शन तुटल्यावरही काही सिस्टिम थोडा वेळ तुम्हाला उपलब्ध दाखवत राहतात आणि त्या वेळात चॅट तुमच्याकडे येऊन पडतात. मोबाइलच्या डेटावर लॉगिन करून स्टेटस बदलता आलं तर पहिलं ते करा. नाहीच जमलं तर लीड तुमचं स्टेटस बदलू शकतो. लॅपटॉपचं झाकण लावणं म्हणजे लॉगआउट नव्हे, हेही इथेच लिहून ठेवतो.

क्लेम केलेली कामं वीज नसतानाही सुटतात, त्यांना सवलत नसते. कोणती होती ते फोनवरच सांगा, म्हणजे दुसरा कुणी उचलेल.

१६. कायद्याने किती वेळाची सुट्टी मिळायला हवी?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मूळ तरतूद अशी होती की किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येणार नाही. मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीत ही मर्यादा वीस कामगारांची झाली. त्यात दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे आज लागू असलेला मजकूर एचआरकडून मागून घ्या. एसएलए हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातला करार आहे. त्याचं कारण देऊन तुमची विश्रांती काढून घेता येत नाही.

१७. एवढं करूनही जेवणाच्या वेळात तिकीट तुटलं. कारण काय लिहायचं?

घडलं ते. "ग्राहकाचं उत्तर १:०५ ला आलं, १८ मिनिटं उरली होती, सुट्टीत बदली व्यक्ती नव्हती." यातून लीडला कळतं की एक ते दीडमध्ये माणूस हवा आहे. "तांत्रिक अडचण" लिहिलं तर पुढच्या महिन्यातही तेच तिकीट त्याच वेळी तुटेल. स्थिती मागे जाऊन बदलू नका, इतिहासात ते दिसतं. ग्राहकाला उशीर झाल्याचं आपणच आधी कळवा आणि नवी वेळ द्या.